‘सुई 9 वेळा वापरा’: पाच जणांनी लिहिलेलं एक माहितीपत्रक सरळ करताना

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. एक सूचना आधीच: या ब्लॉगवर आम्ही देवनागरी आकडे वापरतो. त्यामुळे मध्येच 9, 40 असे इंग्रजी आकडे दिसले तर ते त्या माहितीपत्रकातले किंवा एखाद्या वस्तूवरचे आहेत असं समजा.)

आजची गोष्ट एका दवाखान्याच्या व्हरांड्यात सुरू होते. तालुक्याच्या गावी एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे, नाव राहू दे. तिथे डायबेटिसच्या पेशंटना द्यायला बारा पानांचं एक माहितीपत्रक करायचं होतं. लिहिणारे पाच जण होते: डॉक्टर, आहारतज्ज्ञ, सिस्टर, लॅब टेक्निशियन आणि ट्रस्टचे मॅनेजर. माझ्याकडे काम आलं ते शेवटचं. सगळं एकत्र करा, चुका काढा आणि छापायला द्या.

मी शुद्धलेखन तपासलं, कच्ची प्रत काढली, आणि छापायच्या आधी व्हरांड्यात बसलेल्या एका आजींना वाचायला दिली. आजींनी ती नातवाच्या हातात दिली, कारण चष्मा घरी राहिला होता. नातू इंग्रजी माध्यमात सातवीत. मराठी छान वाचत होता. सातव्या पानावर सिस्टरांनी लिहिलं होतं, ‘इन्सुलिनची सुई फक्त १ वेळा वापरा.’ नातवाने मोठ्यांदा वाचलं, ‘इन्सुलिनची सुई फक्त नऊ वेळा वापरा.’ आजींनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. सुई महाग असते, नऊ वेळा चालते म्हणाले तर बरंच झालं.

वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मुलाचीही चूक नव्हती. त्याच पानावर वर लॅबवाल्यांचा तक्ता होता आणि त्यात सगळे आकडे इंग्रजी होते. 2 तास, 8 तास, 7:30. एवढे इंग्रजी आकडे वाचून झाल्यावर पुढे देवनागरी एक आला. आणि देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. जरा बघा: १ आणि 9. देवनागरी चारही घाईत इंग्रजी आठसारखा दिसतो: ४ आणि 8. पानभर एकच पद्धत असती तर डोळ्यांना सवय झाली असती. दोन पद्धती शेजारी आल्या की प्रत्येक आकड्यापाशी वाचणाऱ्याला ठरवावं लागतं की हा कुठल्या लिपीतला. तो ठरवत बसत नाही, सरळ वाचून मोकळा होतो.

त्या दिवशी घरी येऊन मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. या वेळी शब्द बरोबर आहे का हे न बघता एकच गोष्ट बघितली: तीच गोष्ट दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलीय का.

असं होण्याचं कारण साधं आहे. डॉक्टरांनी कंप्युटरवर टाइप केलं होतं. आहारतज्ज्ञांनी फोनवर बोलून टाइप केलं होतं, म्हणजे शब्द कसा लिहायचा ते फोनने ठरवलं. सिस्टरांनी वहीत लिहून फोटो पाठवला आणि तो मॅनेजरांच्या पुतण्याने टाइप केला. लॅबवाल्यांनी जुन्या इंग्रजी पत्रकावरून मराठी केलं. मॅनेजरांनी व्हॉट्सॲपवर सात मेसेज पाठवले. पाच जणांच्या पाच सवयी, आणि वर पाच कीबोर्ड.

आता आकड्यांपासून सुरू करू, कारण जीवाशी खेळ तिथेच आहे.

माझा पहिला विचार होता की मराठी माहितीपत्रक आहे, तर सगळे आकडे देवनागरी करून टाकू. गावच्या वाचनालयाची स्मरणिका असती तर मी तेच केलं असतं, आणि कुणी इंग्रजी आकडे घातले असते तर भांडलोही असतो. पण इथे मी एक यादी केली. या बारा पानांतला प्रत्येक आकडा वाचून माणूस पुढे काय करणार? फोन नंबर वाचून तो फोनवर दाबणार, आणि फोनवर इंग्रजी आकडे. शिवाय पत्रकाची प्रत व्हॉट्सॲपवर फिरणार होती, आणि देवनागरी आकड्यांत लिहिलेला नंबर बऱ्याच फोनवर नुसता दाबला तर कॉल लागत नाही. शुगरचा आकडा ग्लुकोमीटरच्या छोट्या पडद्याशी जुळवायचा, तिथे इंग्रजी. फ्रीजचं तापमान 2 ते 8 अंश, हे औषधाच्या खोक्यावर इंग्रजीत. आणि सगळ्यात नाजूक म्हणजे इन्सुलिनची बाटली.

हे थोडं थांबून सांगतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटलीवर बहुतेक वेळा 40 IU/ml असं छापलेलं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. काही बाटल्या आणि पेनमधलं इन्सुलिन 100 चं असतं. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात, U-40 आणि U-100. बाटली ज्या आकड्याची, सिरिंज त्याच आकड्याची लागते. समजा 40 ची बाटली आहे आणि चुकून U-100 ची सिरिंज घेतली. डॉक्टरांनी 20 युनिट सांगितलेत म्हणून 20 च्या रेषेपर्यंत भरलं. U-100 सिरिंजवर 20 ची रेष म्हणजे 0.2 मिलिलिटर. त्यात 40 च्या बाटलीतले 8 युनिटच येतात. वीसच्या जागी आठ. उलटं झालं, म्हणजे 100 ची बाटली आणि U-40 ची सिरिंज, तर वीसच्या जागी पन्नास जातात, आणि मग शुगर धोकादायक खाली येऊ शकते.

डॉक्टरांनी हे सगळं नीट लिहिलं होतं, पण आकडे देवनागरीत: ‘४० च्या बाटलीला ४० ची सिरिंज.’ आता मेडिकलच्या दुकानात उभी असलेली आजी पत्रकातलं ‘४०’ आणि खोक्यावरचं ‘40’ हे दोन वेगळ्या आकारांचे आकडे जुळवणार. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे जमतं. पण तिच्या बरोबर जो नातू येतो, त्याला ‘४०’ हे 80 वाटू शकतं.

म्हणून आम्ही ठरवलं ते असं. वाचणाऱ्याला जो आकडा दुसऱ्या कशाशी तरी जुळवायचा आहे किंवा दाबायचा आहे, तो तिथे जसा दिसतो तसाच पत्रकात लिहायचा. या पत्रकात जवळजवळ सगळे आकडे त्या प्रकारचे निघाले, त्यामुळे सगळे आकडे इंग्रजी झाले. दोन पद्धती शेजारी ठेवायच्याच नाहीत. आणि जिथे आकडा कशाशीच जुळवायचा नाही, नुसतं किती वेळा ते सांगायचं आहे, तिथे तो अक्षरांत लिहायचा. ‘सुई एकदाच वापरा.’ ‘पाय रोज रात्री बघा.’ ‘तीन वेळा थोडं थोडं खा.’ ‘एकदाच’ हा शब्द कुणी नऊ वेळा असा वाचू शकत नाही.

मॅनेजर नाराज झाले. मराठी आकडे आपण टिकवायचे नाहीत तर कुणी, असं ते म्हणाले, आणि हे म्हणणं मला मनापासून मान्य आहे. पण त्या आजींच्या सुईवर तो लढा नको, एवढंच मी म्हटलं. त्यांनी ट्रस्टच्या वार्षिक अहवालात देवनागरी आकडे ठेवायचे ठरवले. तिथे ते योग्यच आहेत.

आकड्यांचे अजून दोन छोटे प्रश्न होते. टिंबाचा एक. आपण वेळ ‘7.30’ अशीही लिहितो आणि ‘1.5 लिटर’ मध्येही तेच टिंब असतं. आम्ही वेळेला दोन टिंबं दिली, फोनच्या घड्याळात दिसतात तशी, 7:30. एक टिंब फक्त दशांशाला. दुसरा प्रश्न दीड, अडीच, पावणेदोनचा. हे शब्द मला फार प्रिय आहेत, पण ‘पावणेआठ’ म्हणजे किती हे माझ्या भाचीला सांगावं लागतं. वेळा आकड्यांत ठेवल्या. ‘दीड चमचा’ आणि ‘अडीच भाकऱ्या’ मात्र अक्षरांत राहिल्या, कारण भाकरी 2.5 असं कुणी म्हणत नाही.

आता इंग्रजीतून आलेले शब्द. इथे जीव जात नाही, पण माणूस गोंधळतो, आणि खरं भांडण इथेच झालं.

एकट्या इन्सुलिनची चार रूपं सापडली: इन्सुलिन, इन्शुलिन, इंसुलिन, इन्सुलीन. तुम्ही म्हणाल, कळतं की. तुम्हाला कळतं, कारण तुम्हाला हा शब्द आधीच माहीत आहे. ज्या बाईला काल पहिल्यांदा कळलं की आपल्याला इंजेक्शन घ्यावं लागणार, तिने एका पानावर ‘इन्सुलिन’ आणि दुसऱ्यावर ‘इन्शुलिन’ वाचलं, तर ही दोन वेगळी औषधं आहेत का, असा प्रश्न तिला पडणं स्वाभाविक आहे. औषधांच्या नावांत एका अक्षराने खरोखरच औषध बदलतं हे तिलाही ठाऊक असतं.

मग बरोबर कुठलं? लोक म्हणतात शब्दकोश बघा, नियम बघा. नियम आहेत. मराठी साहित्य महामंडळाने केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यात चार वाढले, आणि आज आपण जे अठरा नियम म्हणतो ते हेच. त्यांतले दोन आपल्या कामाचे आहेत. एक, शब्दाच्या शेवटी येणारा इ किंवा उ दीर्घ लिहायचा. यात वाद नाही: डायरी, बॅटरी, थेरपी, सोनोग्राफी. कुणीतरी ‘बॅटरि’ लिहिलं तर ते डोळ्यांना लगेच खटकतं. दोन, मराठी शब्द अकारान्त असेल, म्हणजे शेवटी नुसता अ असेल, तर त्याच्या अलीकडचा इ-उ दीर्घ: वकील, गरीब, फूल, तीळ. हाच नियम इंग्रजी शब्दांना लावला की इन्सुलीन, क्लिनीक, ऑफीस होतं. डॉक्टर नेमके याच बाजूचे. आहारतज्ज्ञ म्हणाल्या की उच्चारात तिथे ‘लि’ आखूड आहे, मग दीर्घ का ओढायचा?

मी दोघांचंही ऐकलं आणि आहारतज्ज्ञांच्या बाजूने गेलो, पण थोडं वाकडं जाऊन. शेवटचं अक्षर नियमाप्रमाणे दीर्घ. मधलं, आपण बोलताना जसं येतं तसं. म्हणून इन्सुलिन, क्लिनिक, ऑफिस, सिरिंज. आणि मशीन, पोलीस, कारण तिथे उच्चारच लांब आहे. ‘फ्रिज’ वर मात्र मी हरलो. इंग्रजीत आखूड आहे, पण आमच्या पाचही जणांच्या तोंडी आणि सगळ्या पेशंटच्या तोंडी ‘फ्रीज’ लांब येतो. मग फ्रीज. यादीत त्याच्यापुढे मी लिहून ठेवलं की हा अपवाद आहे, पुढच्या माणसाने सुधारू नये.

न आणि अनुस्वाराचं काय? ‘इंजेक्शन’ अनुस्वाराने लिहायला काहीच हरकत नाही, ज च्या आधी त्या टिंबाचा उच्चार सरळ होतो. पण ‘इंसुलिन’ लिहू नये असं माझं ठाम मत आहे. मराठीत स किंवा श च्या आधी अनुस्वार आला की आपण तो नुसता न म्हणत नाही. संसार, संशय, अंश हे शब्द मोठ्याने म्हणून बघा, मध्ये एक व सारखा सूर येतो. परका शब्द पहिल्यांदा वाचणारा माणूस त्याच सवयीने वाचणार. न हवा असेल तिथे अर्धा न लिहायचा: इन्सुलिन, सेन्सर, पेन्शन, लायसन्स.

हे सगळं ठरल्यावर मी फोनवरच फाइल उघडून ‘हॉस्पिटल’ शोधलं. अकरा ठिकाणी असायला हवं होतं, सापडलं सहा ठिकाणी. बाकीची पाच डोळ्यांना दिसत होती, शोधला सापडत नव्हती. हा प्रकार मला पूर्वी माहीत नव्हता, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ‘हॉ’ दोन प्रकारे टाइप होतो. एक, ॉ हे तयार चिन्ह एका कळीने. दुसरा, आधी काना आणि मग वर चंद्र, असे दोन वेगळे तुकडे. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात, काही फॉन्टमध्ये तर अगदी सारखे. पण फोनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲ’ चंही तसंच. एक अखंड अक्षर आहे, आणि दुसरं म्हणजे अ लिहून त्यावर चंद्र. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत ॲ आणि ऑ हे स्वर म्हणून आले आहेत, पण आपल्या सगळ्यांच्या कीबोर्डपर्यंत ते एकाच रूपात पोचलेत असं नाही. म्हणून इतर काहीही शोधायच्या आधी हे दोन बदल करून घ्यायचे. डावीकडचं शोधा, उजवीकडचं घाला:

```
ाॅ  →  ॉ
अॅ  →  ॲ
```

हे झाल्यावर पुन्हा शोधलं, तेव्हा अकराच्या अकरा हॉस्पिटलं मिळाली.

आणि इथेच माझी एक फजिती. इन्सुलिनचं पेन आणि लिहायचं पेन यात गोंधळ नको म्हणून मी ठरवलं की सगळीकडे ‘इन्सुलिन पेन’ असं लिहायचं. कंप्युटरवर ‘पेन’ शोधा, ‘इन्सुलिन पेन’ घाला, सगळं एकदम बदला. दोन सेकंदात काम झालं. मग मॅनेजरांच्या पानावर वाचलं: ‘इन्सुलिन पेन्शनधारकांना तपासणीत सवलत.’ आणि डॉक्टरांच्या पानावर: ‘सल्ल्याशिवाय इन्सुलिन पेनकिलर घेऊ नका.’ दुसरं वाक्य गमतीचं नाही. ते छापलं गेलं असतं तर कुणीतरी इन्सुलिनच बंद केलं असतं. तेव्हापासून मी एकदम बदलत नाही. प्रत्येक ठिकाणी थांबतो, वाक्य वाचतो, मग बदलतो. बारा पानांना तास दीड तास लागतो.

शोधण्यातली आणखी एक मेख म्हणजे विभक्ती. ‘पोलीस’ शोधलं तर ‘पोलिसांना’ सापडत नाही, कारण प्रत्यय लागला की ली ची लि होते. जुने रुळलेले शब्द असे वळतात, बँक चं बँकेत होतं. नवे शब्द वळत नाहीत: मशीनमध्ये, फ्रीजमध्ये, रिपोर्टमध्ये. आम्ही तसंच ठेवलं, रुळलेले शब्द वळवायचे आणि नवे आहेत तसे ठेवून प्रत्यय चिकटवायचा. पण शोधताना शब्दाचा पहिला तुकडाच शोधायचा, ‘पोल’ एवढाच, म्हणजे दोन्ही रूपं हाती लागतात.

काही शब्द मराठी लिपीत आणायचेच नाहीत, असंही ठरलं. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट असते, तिचं नाव पाच जणांनी लिहिलं होतं एचबीएवनसी, एच.बी.ए.१.सी, एचबीए१सी, HBA1C आणि नुसतंच ‘तीन महिन्यांची शुगर’. रिपोर्ट हल्ली फोनवर येतो आणि त्यात HbA1c असं असतं. पत्रकातही तसंच ठेवलं, आणि पहिल्यांदा येतं तिथे पुढे लिहिलं, ‘म्हणजे तीन महिन्यांची शुगर’. त्या देवनागरी ‘१’ वाल्या रूपात पुन्हा तोच नऊचा घोळ होताच. आणि हो, साखर म्हणजे डब्यातली, शुगर म्हणजे रक्तातली. आहारतज्ज्ञांच्या पानावर दोन्हीला साखर होतं.

आता तिसरा भाग, मान. मला वाटलं होतं हा सगळ्यात सोपा असेल.

वाचणाऱ्याला काय म्हणायचं? सिस्टर लिहीत होत्या ‘तुम्ही पाय रोज बघा’. मॅनेजर लिहीत होते ‘रुग्णांनी उपाशीपोटी येणे’. डॉक्टर लिहीत होते ‘रुग्णाने औषध वेळेवर घ्यावे’. आहारतज्ज्ञ लिहीत होत्या ‘आपण भात कमी खावा’. एकाच पत्रकात पान उलटलं की बोलणारा माणूस बदलल्यासारखं वाटायचं. आधी शेजारीण बोलतेय, मग नोटीस बोर्ड.

मी म्हटलं सगळीकडे ‘आपण’ करू, मान राहतो. तेव्हा सिस्टरांनी मला डॉक्टरांच्या पानावरचं एक वाक्य एका काकूंना वाचून दाखवायला लावलं. ‘तीन महिन्यांनी आपण HbA1c पुन्हा तपासू.’ मी काकूंना विचारलं, मग तुम्ही काय करणार? काकू म्हणाल्या, ‘काही नाही, दवाखान्यातून बोलावणं येईल ना.’ बोलावणं येणार नव्हतं. काकूंनी स्वतः यायचं होतं.

मराठीचा ‘आपण’ फार मोठा शब्द आहे. आदराने ‘तुम्ही’ म्हणजेही आपण. तुम्ही आणि मी मिळून सगळे म्हणजेही आपण. त्या पत्रकात दोन्ही होते. ‘आपण भात कमी खावा’ यात आपण म्हणजे पेशंट. ‘सणाला आपण गोड करतोच’ यात आपण म्हणजे सगळा समाज. आणि डॉक्टरांच्या वाक्यात आपण म्हणजे नक्की कोण, हे डॉक्टरांनाही विचारल्यावर दोन सेकंद विचार करावा लागला. प्रेमळपणे लिहिलं होतं त्यांनी, पण काम कुणी करायचं हे त्या प्रेमात हरवलं.

मग आम्ही जबाबदारी वाटून टाकली. पेशंटने करायचं ते ‘तुम्ही’ आणि सरळ ‘या, घ्या, बघा’. दवाखाना करणार ते ‘आम्ही’. ‘आपण’ कुठेच नाही, अगदी सणाच्या वाक्यातही नाही, ते ‘सणाला घरी गोड होतंच’ असं केलं. डॉक्टरांचं वाक्य झालं: ‘तीन महिन्यांनी HbA1c पुन्हा तपासायला तुम्ही या. आम्ही फोन करणार नाही.’ ‘फोन करणार नाही’ हे जरा कोरडं वाटतं म्हणून डॉक्टर नाखूश होते. ते ठेवलं.

‘आपण’ चं ‘तुम्ही’ करणं हे शोधा-बदला करून होत नाही, हे मुद्दाम सांगतो. आपल्याला, आपलं, आपल्या, आपणास ही सगळी रूपं वेगळी. शिवाय ‘तुम्ही आपल्या हाताने इंजेक्शन घ्या’ यातला ‘आपल्या’ म्हणजे स्वतःच्या, तो बदलायचाच नाही. क्रियापदही बदलावं लागतं, ‘खावा’ चं ‘खा’. हे हातानेच करायचं काम आहे.

मान फक्त वाचणाऱ्याचा नसतो. दुसऱ्या पानावर दवाखान्याची ओळख होती. ‘डॉक्टर तुम्हाला तपासतात. सिस्टर शुगर मोजते. मावशी तुम्हाला लॅबपर्यंत नेते.’ वाक्यं तीन, आणि पायऱ्या दोन. तपासतात, मोजते, नेते. मी हे चार वेळा वाचलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. सिस्टरांनी दाखवलं. स्वतःसाठी नाही, मावशींसाठी. त्या म्हणाल्या, ‘मला मोजते म्हणा हवं तर, पण मावशी वयाने डॉक्टरांपेक्षा मोठ्या आहेत.’ झालं ते असं: डॉक्टर तपासतात, सिस्टर मोजतात, मावशी नेतात. बाई डॉक्टर असतील तर ‘डॉक्टर आले’ की ‘आल्या’, हाही प्रश्न होता. त्या दवाखान्यात बाईच आहेत, म्हणून ‘आल्या’.

नावांच्या यादीत डॉ., श्री., सौ., कु. आणि श्रीमती अशी सगळी जत्रा होती. बायकांच्या नावापुढे काय लावायचं यावर एक पूर्ण चहा संपला. सौ. लावलं की लग्न झालंय हे छापलं जातं. श्रीमती सरकारी कागदावर सगळ्या स्त्रियांना चालतं, पण आपल्याकडे बऱ्याच घरांत तो शब्द नवरा गेलेल्या बाईसाठी ऐकायची सवय आहे, आणि लॅबवाल्या ताई हे ऐकून एकदम गप्प झाल्या. त्यांना विचारायला नको होतं, असं मला वाटलं. आम्ही पुढची सगळी बिरुदं काढून टाकली, पुरुषांचं श्री. सुद्धा. फक्त डॉ. ठेवलं, कारण ती पदवी आहे आणि पेशंटला डॉक्टर कोण हे कळायला हवं. बाकी प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि खाली काम काय ते.

हे सगळं शेवटी एका पानावर आलं. आकडे, वेळ, वीसेक शब्द आणि त्यांचं ठरलेलं रूप, तुम्ही-आम्ही, नावं. प्रत्येक ठिकाणी कारण एका ओळीत, कारण नाहीतर पुढच्या वर्षी नवीन डॉक्टर येऊन ‘इन्सुलीन’ करतील. हे पान आधीच सगळ्यांना पाठवायला हवं होतं, लिहायला बसायच्या आधी. पुढच्या आवृत्तीला तसं करणार आहोत. आणि वाद झाला तर शेवटचा शब्द एकाच माणसाचा, तोही आधी ठरवून. आमच्याकडे तो सिस्टरांचा ठरला. पेशंट प्रश्न घेऊन त्यांच्याकडेच जातात.

छापायच्या आदल्या दिवशी मी फाइलमध्ये देवनागरी आकडा राहिलाय का ते शोधलं. गूगल डॉक्समध्ये शोधा-बदलाच्या खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशनवर खूण केली आणि हे टाकलं:

```
[०-९]
```

एकही सापडला नाही. निवांत झोपलो. आठवड्याने छापील प्रती आल्या. सुई एकदाच होती, सिरिंज 40 ची होती, मावशी नेत होत्या. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी मध्यभागी ठळक अक्षरांत १, २, ३, ४. पानांचे आकडे मजकुरात नसतात, ते प्रेसवाल्यांच्या सॉफ्टवेअरने आपोआप घातले होते. त्याच नातवाला पुन्हा गाठून विचारलं, सुईची माहिती कितव्या पानावर आहे रे? तो म्हणाला, ‘सुई एकदाच. पान मला नाही सांगता येणार, हा आकडा आम्हाला नव्हता.’